हेतू नसताना गुन्हा: सांताक्रूझचा सोन्याचा खटला कुठे लागू पडतो, कुठे नाही?

ऋतुजा_पार्ले

नमस्कार मंडळी. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळच्या कॉलेजात. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज' हा निकाल वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. वर्गात वाद झाला, पण उत्तर काही निघालं नाही.

ज्यांना खटला माहीत नाही त्यांच्यासाठी हकिकत सांगते. २७ नोव्हेंबर १९६२ ला जॉर्ज झुरिचहून विमानात बसला. जायचं होतं मनिलाला. अंगातल्या जाकिटाला आतून कप्पे शिवलेले आणि त्यांत ३४ किलो सोनं. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान सांताक्रूझला थांबलं. तो खाली उतरलाही नाही, जागेवर बसून राहिला. कस्टमचे अधिकारी विमानात चढले, झडती घेतली आणि सोनं सापडलं.

तोवर नियम असा होता की परवानगीशिवाय भारतात सोनं आणायला बंदी, पण भारतात न उतरता नुसतं पुढे जाणाऱ्या सोन्याला सूट. १९४८ च्या अधिसूचनेने ती दिलेली होती. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर १९६२ ला त्यात बदल केला. सूट हवी असेल तर ते सोनं विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, पुढे जाणारा माल म्हणून नोंदलेलं पाहिजे, अशी अट घातली. हा बदल राजपत्रात छापून आला २४ नोव्हेंबरला, म्हणजे जॉर्ज निघाला त्याच्या तीन दिवस आधी.

प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची शिक्षा दिली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने पुन्हा दोषी ठरवलं, मात्र शिक्षा भोगून झाली तेवढीच पुरे म्हटलं.

माझा प्रश्न: झुरिचमध्ये बसलेल्या माणसाला दिल्लीचं राजपत्र तीन दिवसांत कुठून वाचायला मिळणार? भारतात सोनं विकायचा त्याचा विचारही नव्हता. तरी तो गुन्हेगार कसा? आणि इथे मेन्स रिया, म्हणजे गुन्ह्यामागचं सदोष मन, लागत नसेल, तर ती लागते कुठे हे ओळखायचं कसं?

हिशेबनीस

ऋतुजा, उत्तर सोपं आहे. खून, चोरी, फसवणूक हे जुन्या दंडसंहितेतले गुन्हे, तिथे हेतू बघतात. कस्टम, परकीय चलन, अन्नभेसळ, कंपनी कायदा हे सगळे विशेष कायदे, तिथे हेतूचा प्रश्नच येत नाही. मी सीए आहे, रोज हेच बघतो. सेबीच्या श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं की नियम मोडला की दंड, मनात काय होतं ते विचारायचं नाही. क्लायंट म्हणतो 'मुद्दाम नाही केलं'. मी म्हणतो, ठीक आहे, चलन भरा.

दत्ता_शिवडी

यात नवीन काय? माझ्या मित्राच्या टेम्पोने एका माणसाला धक्का लागला होता. चूक पादचाऱ्याची होती तरी विम्यातून भरपाई द्यावी लागली, कारण त्या कलमात चूक बघतच नाहीत. भोपाळनंतर कारखान्यांनाही तेच लागू झालं. धोक्याची वस्तू बाळगली की जबाबदारी आपली. जॉर्जचं पण तसंच समजा.

किल्लाकोर्ट

दत्ता, तुम्ही सांगताय ती नुकसानभरपाई. तिथे प्रश्न इतकाच असतो की झालेला तोटा कोणी सोसायचा. ऋतुजा विचारतेय ती शिक्षा, म्हणजे माणसावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायचा की नाही. दोन्हींना 'स्ट्रिक्ट लायबिलिटी', म्हणजे कडक जबाबदारी, हे एकच नाव वापरतात म्हणून घोटाळा होतो. भरपाईचे निकाल या धाग्यात आणले तर आपण भरकटू.

हिशेबनीस, सेबीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्या निकालाची हद्द ओलांडलीत. तिथे न्यायनिर्णय अधिकारी दंड लावतो, आणि तो दंड नियम मोडल्याबद्दलचा. त्यात तुरुंग नाही, दोषसिद्धी नाही. न्यायालयाने हाच फरक धरून निकाल दिला. त्यावरून विशेष कायद्यांतल्या सगळ्या गुन्ह्यांना हेतू लागत नाही असं म्हणता येत नाही. उलट सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाकडून करायची असते. कायदा गप्प असेल तर मेन्स रिया लागते असंच धरायचं. मग बघायचं की कायद्याच्या शब्दांनी किंवा त्याच्या विषयाने हे गृहीतक हटवलं आहे का. जॉर्जच्या खटल्यातल्या तिन्ही न्यायमूर्तींना हे मान्य होतं. मतभेद होता तो ते हटलं की नाही यावर.

ऋतुजा, आता तुझा प्रश्न. वर्गात बहुधा असं सांगितलं असेल की या निकालाने मेन्स रिया काढून टाकली. निकालपत्र पुन्हा वाच. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अय्यंगार यांनी लिहिला. त्यात ते म्हणतात की 'आणणे' या कृतीतच जाणीव आहे. कोणी नकळत माझ्या खिशात सोन्याची पुडी सरकवली, तर मी सोनं भारतात 'आणलं' असं म्हणता येणार नाही, हा युक्तिवाद मान्य होण्यासारखा आहे. म्हणजे त्या कडक कायद्याखालीही मनाचा एक भाग शिल्लक राहिला: माझ्याजवळ सोनं आहे हे मला माहीत असणं.

जॉर्जला ते पक्कं माहीत होतं. कप्पे शिवलेलं जाकीट त्याच्या अंगात होतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की तीन दिवसांपूर्वी नियम बदललाय. हे वस्तुस्थितीचं अज्ञान नाही, कायद्याचं अज्ञान आहे. आणि कायद्याचं अज्ञान खुनाच्या खटल्यातही बचाव होत नाही. म्हणून कुठलाही गुन्हा समोर आला की आधी विचारायचं, आरोपीला नक्की काय माहीत नव्हतं?

ऋतुजा_पार्ले

काका, हा फरक वर्गात कोणी काढलाच नव्हता. मग १८९५ च्या शेरस विरुद्ध डी रुट्झन या इंग्लंडमधल्या खटल्याशी याचा मेळ बसतो. ड्युटीवरच्या पोलिसाला दारू देणं तिथे गुन्हा होता. ड्युटीवर असताना दंडावर पट्टा बांधायची पद्धत, आणि या शिपायाने पट्टा काढून ठेवला होता. गुत्तेवाल्याला वाटलं याची ड्युटी संपली. तो सुटला. त्याला कायदा माहीत होता, वस्तुस्थिती माहीत नव्हती.

पण एक अडतं. जॉर्ज म्हणू शकतो की 'भारतात आणणे' हे तरी माझ्या मनात कुठे होतं? मी मनिलाला नेत होतो.

किल्लाकोर्ट

शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. १९४७ च्या परकीय चलन कायद्याच्या कलम ८ ला स्पष्टीकरण जोडलेलं होतं: जहाजातून किंवा विमानातून न उतरवता परत बाहेर न्यायचं सोनंही भारतातल्या बंदरात वा ठिकाणी आलं की ते 'आणलं' असं समजायचं. म्हणजे पुढे जाणाऱ्या मालाचा विचार कायदा करणाऱ्यांनी आधीच केला होता. आणि विमान तर मुंबईला थांबणारच होतं.

नाना_गिरगाव

मी कस्टममध्ये नोकरी केली, आता निवृत्त. त्या काळाबद्दल चार शब्द सांगतो. साठच्या दशकात सोन्याचा भाव बाहेर आणि आपल्याकडे यांत एवढी तफावत होती की एकेक खेप पोचली की माणसाचं भलं व्हायचं. सोनं यायचं ते जाकिटात, बुटांच्या टाचेत, सुटकेसच्या खोट्या तळात. पकडलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा, 'मला नियम माहीत नव्हता.' माहीत होता हे सरकारने सिद्ध करायचं म्हटलं तर कसं करणार? मनातलं कोणी कागदावर लिहून फिरत नाही.

आणि मॅनिफेस्टची अट का आली तेही लक्षात घ्या. 'मी तर पुढे चाललोय' असं म्हणणारा माणूस धावपट्टीवरच माल दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. नोंद असेल तर आत आलं किती आणि बाहेर गेलं किती, हे ताडून बघता येतं. नोंदच नाही तर आम्ही काय ताडणार? जाकिटात लपवून नेणाऱ्याबद्दल मला तरी सहानुभूती वाटत नाही.

अनिकेत_दादर

नाना, तुमचं म्हणणं कळतं. पण लपवून नेणं हा मनिलाच्या कायद्याविरुद्धचा हेतू झाला. आपल्या कायद्याविरुद्धचा नव्हे. माणूस वाईट आहे म्हणून याच गुन्ह्यात दोषी, हे चालणार नाही.

मला अजूनही न्यायमूर्ती सुब्बाराव यांचं विरोधी मत बरोबर वाटतं. ते म्हणतात, कायदा समाजहिताचा आहे किंवा मोठी सामाजिक कीड काढायला केला आहे, एवढ्यावर मेन्स रिया उडत नाही. दोन गोष्टी दिसायला हव्यात. हेतूची अट ठेवली तर कायद्याचा उद्देशच फसतो, ही पहिली. आणि कडक जबाबदारी टाकल्यामुळे त्या माणसाला कायदा पाळायला मदत करता येते, ही दुसरी. ही दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला काही करताच येणार नव्हतं त्याला शिक्षा करून कायदा कसा पाळला जाणार?

सिंगापूरचा लिम चिन एकचा खटला याच सुमाराचा, १९६३ च्या निकालसंग्रहात आहे. मंत्र्याने त्याला देशात यायला बंदी करणारा आदेश काढला. तो त्याला कळवल्याचा किंवा कुठे प्रसिद्ध केल्याचा पुरावाच नव्हता. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, त्याला सोडलं. जॉर्जची अवस्था याहून फार वेगळी होती का?

किल्लाकोर्ट

अनिकेत, बहुमताने लिम चिन एकचा विचार केला आणि तो बाजूला ठेवला. तिथला आदेश एका माणसापुरता होता आणि तो कळायला काही मार्गच नव्हता. इथली अधिसूचना सगळ्यांसाठी होती आणि नेहमीच्या रीतीने राजपत्रात छापलेली होती. परदेशात बसलेल्या प्रत्येकाला कळेपर्यंत ती लागू होत नाही म्हटलं, तर कुठलीच अधिसूचना कधी लागू झाली हे सांगता येणार नाही, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो. पण तीन दिवसांचं अंतर मला आजही खुपतं. शिक्षा भोगलेल्या दिवसांवर आणली, त्यात मला न्यायालयालाही ते खुपल्याचं दिसतं.

तुझ्या बाजूचा खटला मात्र पुढच्याच वर्षी आला. १९६५, नाथूलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. धारचा धान्यव्यापारी. परवान्याशिवाय गहू साठवल्याबद्दल जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली खटला. गोदामात ८८५ मणांवर गहू. पण या गृहस्थाने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, अर्ज फेटाळल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि परवानाधारक पाठवतात तशी विवरणपत्रं तो नेमाने पाठवत होता. इन्स्पेक्टरही परवाना येईल म्हणत होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती सुब्बाराव यांनीच, आणि जॉर्जच्या खटल्यात मागे पडलेली तीच कसोटी त्यात वापरली.

दोघांच्या मनात काय होतं ते शेजारी ठेवून बघ. जॉर्जला नियमच माहीत नव्हता. नाथूलालला नियम माहीत होता, आपण तो पाळतोय असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटायला त्याच्याकडे कागद होते.

पुढे संसदेने यावर काय केलं हे मी प्रत्येक ज्युनियरला वाचायला लावतो. १९६७ मध्ये त्याच जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ मध्ये शब्द घातले, 'जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा'. त्या 'अन्यथा' ने नाथूलालचा रस्ता बंद झाला. ते फार कडक झालं असावं, कारण १९७४ मध्ये ते शब्द काढले आणि कलम १०-सी आणलं. त्यात सदोष मन आहे असं न्यायालय गृहीत धरतं, पण ते नव्हतं हे आरोपीला सिद्ध करता येतं, तेही संशयापलीकडे. कस्टम आणि अंमली पदार्थांच्या कायद्यांतही अशीच कलमं आहेत. त्यामुळे मघाशी नाना म्हणाले ती अडचण मेन्स रिया न काढताही सुटते. मन बघायचं, फक्त सिद्ध करायचं ओझं आरोपीवर टाकायचं.

हिशेबनीस

ओझं संशयापलीकडे असेल तर व्यवहारात फरक काय पडला? छोट्या व्यापाऱ्याला तेवढा पुरावा जमणार नाही. माझा मुद्दा कायम आहे. विशेष कायद्यात 'हेतू नव्हता' यावर विसंबून राहू नये.

किल्लाकोर्ट

विसंबून राहू नये हा सल्ला योग्यच. पण फरक पडतो. नाथूलालसारखे कागद असलेला माणूस १०-सी खाली सुटू शकतो. 'अन्यथा' या शब्दाखाली तो सुटला नसता.

मीनल_लालबाग

मी इतका वेळ नुसती वाचत होते. माझी गोष्ट विचारू का? आमचं लालबागला मसाल्याचं आणि किराण्याचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. अन्न सुरक्षा अधिकारी येऊन हळदीचे दोन नमुने घेऊन गेले. एक कंपनीचं सीलबंद पाकीट होतं, आम्ही नुसतं विकतो. दुसरी आमची पाव किलोची पुडी. घाऊक व्यापाऱ्याकडून मोठं पोतं घेतो आणि दुकानाच्या नावाचं लेबल लावून पुड्या भरतो. दोन्हींचा अहवाल 'कमी दर्जा' असा आला. पुडीवर बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख नाही असंही लिहिलंय.

आम्ही हळदीत काहीही मिसळलेलं नाही हो. देवाशप्पथ सांगते. मला वाटलं होतं मुद्दाम केलं नाही एवढं सांगितलं की सुटेल. आता हे सगळं वाचून धाकधूक वाटायला लागलीय.

हिशेबनीस

मीनलताई, अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ८० वाचा. त्यात सरळ म्हटलंय की वस्तुस्थितीबद्दल चुकीचा पण वाजवी समज होता हा बचाव नाही. वकिलावर खर्च करण्यापेक्षा दंड कमीत कमी कसा होईल ते बघा.

नाना_गिरगाव

मीनल बेटा, आधी एक बघ. अहवालात 'कमी दर्जा' म्हटलंय ना, 'असुरक्षित' नाही ना? असुरक्षित असेल तर प्रकरण फौजदारी कोर्टात जातं.

मीनल_लालबाग

नाना, दोन्हीकडे 'कमी दर्जा' च आहे. असुरक्षित नाही.

किल्लाकोर्ट

मीनल, आधी वस्तुस्थिती सांगतो. कमी दर्जाला कलम ५१ खाली पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, लेबलच्या दोषाला कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत. हा दंड न्यायनिर्णय अधिकारी लावतो, यात कैद नाही. पाच लाख ही कमाल आहे, लागेलच असं नाही.

हिशेबनीसांनी कलम ८० मधला एकच तुकडा सांगितला. चुकीचा समज हा बचाव नाही हे खरं. आपली गुत्तेवाल्याची गोष्ट या कायद्याखाली चालली नसती. पण त्याच कलमात दुसरा बचाव दिलाय: मी वाजवी ती सगळी खबरदारी घेतली आणि योग्य ती दक्षता बाळगली. म्हणजे कायदा तुमच्या मनात काय होतं ते विचारत नाही, तुम्ही काय केलंत ते विचारतो. 'मी काही मिसळलं नाही' हे उत्तर त्या प्रश्नाला लागू होत नाही. 'मी काय तपासलं, कोणाकडून घेतलं, कसं ठेवलं' हे लागू होतं. अनिकेत म्हणत होता ती सुब्बारावांची दुसरी अट जवळजवळ तशीच इथे कलमात आलेली दिसते.

आता तुमचे दोन नमुने वेगवेगळे धरा.

सीलबंद पाकीट. हा दोष दुसऱ्या कोणाच्या कृतीमुळे आला, तुम्ही परिस्थितीनुसार वाजवी तपासणी केली किंवा पुरवठादाराच्या तपासणीवर विसंबणं वाजवी होतं, माल परदेशातून तुम्ही स्वतः आणलेला नाही, जसा घेतला तसाच विकला, आणि काही गडबड आहे अशी शंका यायला तुम्हाला कारण नव्हतं, असं दाखवायचं. यासाठी लागतं पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर असेल तर उत्तम, वितरकाचा परवाना क्रमांक, आणि पुरवठादाराने दिलेली फॉर्म ई मधली लेखी हमी. पाकीट तुम्ही फोडून प्रयोगशाळेत पाठवावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तुमचा बचाव इथे भक्कम आहे.

पाव किलोची पुडी. इथे तुम्ही भरणारे आहात, लेबल तुमचं आहे. 'जसं घेतलं तसंच विकलं' ही ढाल जवळजवळ गेली. फक्त एवढं म्हणता येतं की पुडी भरल्यामुळे हळदीचा दर्जा बदलला नाही, दोष पोत्यातच होता. पण बॅच आणि तारीख नसल्याचा दोष पूर्णपणे तुमचा, तो पोत्यावर ढकलता येणार नाही. पोत्याचं बिल कसं आहे?

मीनल_लालबाग

पाकिटाचं पक्कं बिल आहे, जीएसटी नंबरसकट. फॉर्म ई मात्र कधी मागितला नाही. पोत्याचं... घाऊक व्यापारी ओळखीचा, सासऱ्यांच्या वेळचा. कच्च्या चिठ्ठीवर माल येतो, पैसे रोख. चिठ्ठीवर त्याचं पूर्ण नावही नसतं.

किल्लाकोर्ट

मग पुडीच्या बाबतीत अडचण मोठी आहे. ज्याच्याकडून माल आला तो उत्पादक किंवा वितरक दाखवता आला नाही तर कलम २७ प्रमाणे विक्रेता स्वतः जबाबदार धरला जातो. तुमचा प्रामाणिकपणा खरा आहे, मला शंका नाही. पण कच्च्या चिठ्ठीने साखळी तुमच्यापाशीच तुटते आणि दोष मागे सरकत नाही. असे खटले मी पाहिलेत. हळद खरोखरच मागून खराब आलेली असते, पण दुकानदाराला ते दाखवता येत नाही.

आता करायचं काय. अहवालाची प्रत हातात पडल्यापासून तीस दिवसांत त्याविरुद्ध अपील करता येतं, म्हणजे उरलेला नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो. तारीख आधी बघा, कारण ही मुदत लोक सर्रास चुकवतात. नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करतात आणि चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तेव्हाच करता येते. तुमची ती वेळ गेली, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

त्या व्यापाऱ्याकडून मागच्या तारखेचं बिल मात्र आणू नका. तो मोह सगळ्यांना होतो. ते उघडकीला आलं तर हळद राहील बाजूला आणि खोट्या कागदाचं प्रकरण उभं राहील, आणि तिथे हेतू सिद्ध व्हायला वेळ लागत नाही. बँकेतून कधी पैसे गेले असतील, मालाची वाहतूक झाल्याची नोंद असेल, फोनवर ऑर्डरचे संदेश असतील, तर ते खरे पुरावे गोळा करा.

आणि एक आधार आहे. दंड किती लावायचा हे ठरवताना कलम ४९ प्रमाणे उल्लंघन तुमच्या नकळत झालं का, त्यातून किती फायदा झाला, आधी कधी झालं होतं का, हे बघावं लागतं. तुमची ती 'मुद्दाम केलं नाही' ही गोष्ट इथे सांगायची, पहिल्या उल्लंघनाच्या नोंदीसकट.

हिशेबनीस

म्हणजे दंड कमी करण्याचा माझा सल्ला पुडीपुरता बरोबरच होता.

किल्लाकोर्ट

पुडीपुरता हो. पाकिटासाठी मुळीच नाही. दोन्ही एका उत्तरात घालून मान्य करून टाकलं तर पाकिटाचा चांगला बचाव वाया जाईल. दोन वेगळी उत्तरं द्या.

दत्ता_शिवडी

पण हे बरोबर आहे का? ताईंनी काही केलं नाही आणि दंड भरायचा. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज, फॉर्म ई च्या फायली. गल्लीतल्या दुकानाकडे काय असणार?

नाना_गिरगाव

दत्ता, त्या पुडीतली हळद ज्या घरात जाते, त्या घरातली बाई काय तपासू शकते? तिच्यापेक्षा दुकानदाराला तपासणं शक्य आहे, दुकानदारापेक्षा व्यापाऱ्याला. म्हणून जबाबदारी वर वर जाते. मीनलचं वाईट वाटतं मला, पण कायदा ज्याला काही करता येतं त्याला धरतो.

दत्ता_शिवडी

नाना, करता येतं हे खरं. पण ते कोणी शिकवलं तिला? फॉर्म ई चं नाव आज पहिल्यांदा ऐकलं असेल. जॉर्जला राजपत्र जेवढं ठाऊक, तेवढाच हिला हा फॉर्म.

अनिकेत_दादर

दत्ताचा हा मुद्दा चुकीचा नाही. मला अजून एक विचारायचंय. जुन्या दंडसंहितेचं कलम ७९, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १७: वस्तुस्थितीच्या चुकीमुळे, सद्भावनेने, आपण करतोय ते कायद्याला धरून आहे असं समजून केलेली कृती गुन्हा नाही. हे सर्वसाधारण अपवाद विशेष कायद्यांतल्या गुन्ह्यांनाही लागू होतात, संहितेतच तशी सोय आहे. मग जो विशेष कायदा मेन्स रियाबद्दल गप्प आहे, तिथे स्ट्रिक्ट लायबिलिटी असली तरी कलम १७ चा बचाव राहायला हवा ना?

किल्लाकोर्ट

अन्न सुरक्षा कायद्यात नाही, कारण तिथे चुकीचा समज चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण कायदा गप्प असेल तिथे तुझा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे. एका न्यायाधीशांना पटला. दुसऱ्यांनी उलट विचारलं की मेन्स रिया वगळली ती सर्वसाधारण अपवादासकट वगळली असं का समजू नये? मला वाटतं, वगळायचं तर अपवादही स्पष्ट वगळला पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्याने ते केलंय, म्हणजे करता येतं. पण हे माझं मत झालं, सर्वमान्य उत्तर म्हणून लिहून घेऊ नका.

ऋतुजा_पार्ले

मग जॉर्जलाही कलम ७९ चा उपयोग झाला नसता, कारण त्याची चूक कायद्याबद्दलची. नाथूलालला कदाचित झाला असता. परवाना मिळाला की नाही ही वस्तुस्थिती आहे.

तरी जॉर्जबद्दल माझं समाधान झालेलं नाही. राजपत्र छापलं म्हणजे कळलं असं धरणं मुंबईतल्या व्यापाऱ्यापुरतं मला पटतं. झुरिचच्या विमानतळावर उभ्या माणसाबद्दल नाही. परीक्षेत मी सुब्बारावांची बाजू घेऊन लिहिणार.

किल्लाकोर्ट

लिही. फक्त खिशातल्या पुडीचं उदाहरण सोडू नकोस. बहुमताला विरोध करायचा तर त्यांनी काय शिल्लक ठेवलं हेही सांगावं लागेल.

मीनल_लालबाग

काका, अहवालाची तारीख बघितली. अजून नऊ दिवस आहेत. पाकिटाच्या नमुन्यासाठी अपील उद्याच देतो. वितरकाला फोन केला, फॉर्म ई त्यांच्या वार्षिक करारासोबत होता म्हणतात, प्रत पाठवणार आहेत. आमच्या खरेदीच्या आधीच्या तारखेची असेल तर चालेल ना? पोत्याच्या व्यापाऱ्याने मात्र फोन उचलला नाही.

किल्लाकोर्ट

खरेदीच्या तारखेला लागू असलेली हमी हवी, करार आधीचा असला तरी चालेल. अपिलात लिहा की ते फक्त पाकिटाच्या नमुन्यापुरतं आहे. व्यापाऱ्याला फोन नको, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक महिन्यात अमुक माल तुमच्याकडून घेतला, त्याचा अहवाल असा आला, तुमचा परवाना क्रमांक कळवा. उत्तर आलं नाही तरी पोस्टाची पावती जपून ठेवा. पत्र आताचं आहे, त्याने तेव्हाची दक्षता सिद्ध होणार नाही, पण दंड ठरवताना दाखवता येईल.